शिल्लक हललीच नाही: एका अंदाजपत्रकात वॉच विंडोने पकडलेली चूक

प्रकरण एका शाळेच्या संरक्षक भिंतीचं आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतली शाळा, भिंतीची लांबी ८० मीटर, आणि करासह मंजूर रक्कम ८,००,००० रुपये. या कामाचं अंदाजपत्रक तालुक्याच्या गावी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका स्थापत्य अभियंता बाईंनी एक्सेलमध्ये केलं होतं आणि पुढे पाठवण्याआधी ते माझ्याकडे तपासायला आलं. अंदाजपत्रकाची फाइल बसवणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी फक्त आकडे बघून मी फाइल परत दिली असती, तर मंजूर रकमेपेक्षा एकोणचाळीस हजारांनी जास्त असलेलं काम ‘मर्यादेत बसतं’ असा शेरा घेऊन पुढे गेलं असतं. ते वॉच विंडोमुळे कसं टळलं, हे मी इथे सविस्तर मांडतो आहे. नावगाव सोडलं आहे आणि दर समजण्यापुरते गोल घेतले आहेत. विमा, चाचण्या, रॉयल्टी या ओळीही वगळल्या आहेत, म्हणजे आकड्यांचा माग ठेवणं सोपं जाईल.

फाइलची रचना कुठल्याही अंदाजपत्रकाची असते तशीच होती. `Mojmap` या शीटवर प्रत्येक बाबीची मोजमापं: संख्या, लांबी, रुंदी, उंची किंवा खोली, आणि शेवटच्या रकान्यात परिमाण. `Dar` या शीटवर प्रत्येक बाबीचा दर. `Goshwara` या शीटवर आठ बाबींचा गोषवारा, म्हणजे परिमाण गुणिले दर, त्यांची बेरीज, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण खर्च, मंजूर रक्कम आणि तळाशी शिल्लक. मोजमापात खोली बदलली की परिमाण बदलावं, ते गोषवाऱ्यात यावं, दराशी गुणलं जावं आणि शेवटी शिल्लक बदलावी, अशी ही साखळी. ती दोन-तीन शीटवरून जाते, आणि त्यामुळेच काम करताना एका वेळी तिचं एकच टोक डोळ्यांसमोर असतं.

माझ्याकडे आली तेव्हा फाइलमध्ये बाबींची बेरीज ६,७०,१८८ रुपये होती. जीएसटी १,२०,६३३.८४, एकूण ७,९०,८२१.८४ आणि शिल्लक ९,१७८.१६. म्हणजे काम मर्यादेत बसत होतं, पण जेमतेम.

बदल असा करायचा होता. जागेवर खड्डा घेऊन पाहिल्यावर काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघाली होती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया तिच्यातच राहिला तर भिंतीला तडे जाणार हे ठरलेलं, म्हणून पाया खालच्या मुरमापर्यंत न्यायला हवा होता. त्यासाठी खोदकामाची खोली ०.९० वरून १.०५ मीटर करायची आणि पायातलं दगडी बांधकाम ०.७५ वरून ०.९० मीटर उंचीचं घ्यायचं. खाली १५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर आहे तसाच राहणार. `Mojmap` वर दोन सेल बदलायचे, एवढंच काम.

त्या दोन सेलना हात लावण्याआधी मी वॉच विंडो उघडली.

ती मिळते `Formulas` टॅबवर, `Formula Auditing` या गटात, `Watch Window` या नावाने. विंडोजवर `Alt`, मग `M`, मग `W` अशा कळा एकामागून एक दाबल्या तरी उघडते. ही शीटवर तरंगणारी छोटी खिडकी आहे. तुम्ही कुठल्याही शीटवर गेलात तरी ती समोरच राहते आणि तिच्यात नोंदवलेल्या सेलच्या चालू किमती दिसत राहतात. ओढून वर नेली की रिबनखाली पट्टीसारखी चिकटते. मला ती तिथेच बरी वाटते, कारण तरंगणारी खिडकी नेमकी ज्या ओळीत काम चालू असतं तिच्यावरच येऊन बसते. सेल नोंदवायला तो निवडायचा, `Add Watch...` दाबायचं आणि `Add` करायचं. एकाच शीटवरचे अनेक सेल `Ctrl` धरून एकदम निवडता येतात. एका सेलची नोंद मात्र एकदाच होते.

नोंदवण्याआधी मी सेलना नावं देतो. खिडकीत सहा रकाने असतात: `Book`, `Sheet`, `Name`, `Cell`, `Value`, `Formula`. नाव दिलेलं नसेल तर `Name` रिकामा राहतो आणि समोर नुसतं `E17`, `C7`, `H13` दिसतं. अशा चार-पाच ओळी झाल्या की कुठला सेल कशाचा हे आठवण्यातच लक्ष जातं. नाव देणं अगदी सोपं आहे. सेल निवडायचा, फॉर्म्युला पट्टीच्या डावीकडच्या चौकटीत नाव टाइप करायचं आणि `Enter` दाबायचं. आपल्याकडे जीएसटीच्या सेलला हमखास `GST18` असं नाव द्यायला जातात आणि तिथे फसतात. एक्सेलचे रकाने `XFD` पर्यंत जातात, त्यामुळे `GST18` हा शीटवरचा खराखुरा पत्ता आहे. ते नाव चौकटीत टाइप केलं की नाव लागत नाही, एक्सेल तुम्हाला दूर उजवीकडच्या त्या रिकाम्या सेलवर नेऊन सोडतं. `GST_18` असं लिहिलं की काम होतं.

या फाइलमध्ये मी मोजकेच सेल नोंदवले. गोषवाऱ्यातला एकूण खर्च `Ekun` आणि शिल्लक `Shillak`. खोदकामाचं गोषवाऱ्यातलं परिमाण, म्हणजे `Goshwara` वरचा `C5`, आणि दगडी बांधकामाचं `C7`. मोजमापातली दगडी बांधकामाची बेरीज, म्हणजे `Mojmap` वरचा `H13`. आणि ज्यात बदल करायचा होता तो `G11`. हा शेवटचा सेल नोंदवण्याचं कारण वेगळं आहे. खिडकीतल्या ओळीवर दोनदा क्लिक केलं की एक्सेल थेट त्या सेलवर नेतं. शिल्लक तपासायला गोषवाऱ्यात उडी मारली की परत कामाच्या जागी यायलाही तीच खिडकी वापरता येते.

आणखी एक सेल मी नव्याने तयार केला. वॉच विंडो फक्त आत्ताची किंमत दाखवते. आधी काय होतं याची नोंद ती ठेवत नाही. नऊ हजारांचे साडेसहा हजार झाले तर ते नजरेला कळतं, पण नेमका किती फरक पडला हे मनात वजाबाकी करून काढावं लागतं, आणि हिशेबाच्या मध्यात ती वजाबाकी कुणी करत नाही. म्हणून गोषवाऱ्याच्या बाजूला एका सेलमध्ये सुरुवातीचा एकूण खर्च नुसती किंमत म्हणून चिकटवला आणि त्याला `Aadhi` नाव दिलं. शेजारच्या सेलला `Farak` नाव देऊन त्यात हा फॉर्म्युला घातला:

```
=ROUND(Ekun-Aadhi,2)
```

`Farak` ही खिडकीत गेला. सुरुवातीला तिथे अर्थातच शून्य होतं.

आता या पद्धतीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. बदल टाइप करण्याआधी किती फरक पडायला हवा हे कागदावर काढायचं. खोदकाम वाढणार ८० × ०.९० × ०.१५, म्हणजे १०.८० घनमीटर. दर २१० रुपये, म्हणून २,२६८ रुपये, आणि जीएसटीसह २,६७६.२४. दगडी बांधकाम वाढणार ८० × ०.६० × ०.१५, म्हणजे ७.२० घनमीटर. दर ५,४०० रुपये, म्हणून ३८,८८०, आणि जीएसटीसह ४५,८७८.४०. दोन्ही मिळून ४८,५५४.६४. शिल्लक नऊ हजारांची, म्हणजे काम मर्यादेबाहेर जाणार हे फाइलला हात लावण्याआधीच कागदावर दिसत होतं.

बाई शेजारीच बसल्या होत्या. मी म्हटलं, “तुम्हीच टाका, मी खिडकीकडे बघतो.”

त्यांनी खोदकामाच्या ओळीत ०.९० च्या जागी १.०५ टाकून `Enter` दाबलं. खिडकीत `C5` ६४.८० वरून ७५.६० झाला, `Farak` २,६७६.२४ आणि `Shillak` ६,५०१.९२. कागदाशी पैसासुद्धा जुळला. खोदकामाची साखळी मोजमापापासून शिल्लकेपर्यंत अखंड आहे हे एका `Enter` मध्ये कळलं.

मग दगडी बांधकामाची ओळ. `G11` मध्ये ०.७५ च्या जागी ०.९०. `Enter`.

खिडकीत `G11` ०.९० झाला आणि `H13` ५२.२० वरून ५९.४० झाला. बाकी सगळं जागच्या जागी. `C7` अजून ५२.२०, `Farak` अजून २,६७६.२४, `Shillak` अजून ६,५०१.९२.

“सर, शिल्लक हललीच नाही,” त्या म्हणाल्या.

याच क्षणी वॉच विंडो नसती तर काय झालं असतं, ते बघा. दोन्ही बदल करून त्या गोषवाऱ्यावर गेल्या असत्या आणि तळाशी साडेसहा हजार शिल्लक दिसली असती. आधी नऊ हजार होती, आता साडेसहा आहे, म्हणजे बदल आला आहे, आणि काम अजूनही मर्यादेत आहे. शंका यायला जागाच नव्हती. कुठे `#REF!` नाही, कुठे लाल रंग नाही, बेरीज बरोबर, जीएसटी बरोबर. खोदकामाच्या खऱ्या बदलामागे दगडी बांधकामाचा न आलेला बदल लपून गेला असता.

चूक कुठे आहे हे शोधायलाही फार वेळ लागला नाही, कारण खिडकीत साखळीचे दोन्ही सांधे एकाखाली एक दिसत होते. `H13` हलला होता, `C7` हलला नव्हता, म्हणजे तुटलं होतं ते या दोघांच्या मध्ये. आणि `C7` च्या ओळीत `Formula` हा रकाना रिकामा होता. `H13` पुढे `=SUM(H11:H12)` होतं, `C5` पुढेही मोजमापाकडे जाणारा फॉर्म्युला होता, `C7` पुढे काहीच नाही. सेलमध्ये फॉर्म्युला नसून हाताने टाकलेली किंवा चिकटवलेली संख्या असेल तर हा रकाना कोरा राहतो. नोंदी करतानाच मी तिथे नीट पाहिलं असतं तर `Enter` ची वाट बघण्याचीही गरज नव्हती, पण खात्री खरी पटते ती आकडा न हलण्यानेच.

हे कसं झालं असेल, हेही उघड होतं. फाइल गेल्या वर्षीच्या दुसऱ्या भिंतीच्या अंदाजपत्रकावरून उचललेली होती. केव्हातरी कुणीतरी दगडी बांधकामाचं परिमाण थेट गोषवाऱ्यात टाकलं. नंतर या भिंतीची मोजमापं भरल्यावर आकडा जुळत नाही म्हणून तिथे ५२.२० असा नवा आकडा, पुन्हा हातानेच, भरला गेला. त्या दिवशी तो बरोबरच होता! मोजमापातही ५२.२० आणि गोषवाऱ्यातही ५२.२०. असा सेल मोजमापं बदलेपर्यंत गप्प बसून राहतो. नुसतं वाचून तपासणाऱ्याला तो सापडत नाही, कारण वाचताना तो खराच असतो.

`C7` च्या ओळीवर दोनदा क्लिक करून तिथे गेलो आणि फॉर्म्युला टाकला:

```
=Mojmap!H13
```

`Farak` ४८,५५४.६४ वर गेला. कागदावरचा आकडा तोच होता. `Shillak` उणे ३९,३७६.४८.

एक तुटलेला सांधा मिळाला की दुसरा असू शकतो असं धरून चालायचं. गोषवाऱ्यातले `C5` ते `C12` हे परिमाणांचे सगळे सेल निवडले, `F5` दाबून `Special...` मध्ये `Constants` घेतलं. अशाने हाताने भरलेल्या संख्यांचे तेवढेच सेल निवडलेले राहतात. फक्त लोखंडी फाटकाचा १ मिळाला, आणि तो मोजमापातून यायचा नव्हताच, तिथेच टाकायचा होता. मग मनासारखी खात्री झाली. एकेका सेलची साखळी चालते की नाही हे वॉच विंडो दाखवते, आणि सगळ्या रकान्यात असे किती सेल आहेत हे शोधायला `Constants` उपयोगी पडतं. मला दोन्ही लागतात.

आता एकोणचाळीस हजार कमी करायचे होते, आणि हे काम वॉच विंडो समोर असताना फार सुसह्य होतं. पायाला हात लावायचा नाही हे नक्की. जमिनीवरच्या दगडी जोत्याची उंची ०.४५ होती. ती ०.३० केली तर ८० × ०.४५ × ०.१५, म्हणजे ५.४० घनमीटर कमी होतात. २९,१६० रुपये, जीएसटीसह ३४,४०८.८०. `G12` मध्ये ०.३० टाकताच `Shillak` उणे ४,९६७.६८ झाली. अजून पाच हजार. विटांच्या भिंतीची उंची कमी करायला बाई तयार नव्हत्या आणि ते बरोबरच होतं, जोतं आधीच १५ सेंटिमीटर खाली आलेलं. गिलावा एका बाजूचा काढला तर पावसाच्या बाजूला विटा उघड्या राहिल्या असत्या. शेवटी रंग फक्त दर्शनी बाजूला घ्यायचं ठरलं. १९२ चौरस मीटरचे ९६ झाले. दर ९५ रुपये, म्हणजे ९,१२० रुपये, जीएसटीसह १०,७६१.६०. शिल्लक ५,७९३.९२. एकूण ७,९४,२०६.०८.

हे सगळं `Mojmap` या एकाच शीटवर बसून झालं. रंगाच्या ओळीवर काम चालू असताना डोळ्यांसमोर शिल्लक होती, म्हणून कुठे थांबायचं हे तिथल्या तिथे ठरवता आलं. शीट बदलत बसलं की माणूस दोन-तीन बदल एकदम करतो आणि मग कुठल्या बदलाने किती पैसे वाचले हे वेगळं काढता येत नाही. एका बदलामागे एक `Enter` आणि खिडकीकडे एक नजर, हा क्रम सोडला तर या खिडकीचा निम्मा उपयोग जातो.

शिल्लक हलली नाही याची कारणं नेहमी एकच नसतात, म्हणून ती कशी ओळखायची हे थोडं सांगतो. इथे साखळीचा एक भाग हलला आणि पुढचा अडला, म्हणजे सांधा तुटलेला. पण कधीकधी टाकलेला सेल बदलतो आणि बाकी सगळ्याच ओळी थिजून राहतात, अगदी त्याच शीटवरची बेरीजसुद्धा. तेव्हा फॉर्म्युल्यांना दोष देत बसू नका, आधी `Calculation Options` बघा. तिथे `Manual` असेल तर एक्सेल सांगितल्याशिवाय हिशेब करत नाही. खाली स्टेटस बारवर `Calculate` असा शब्दही दिसतो. `F9` दाबलं की आकडे धावतात. यातली मेख अशी, की हा पर्याय त्या सत्रात पहिल्यांदा उघडलेल्या फाइलवरून ठरतो. कुणाची तरी जड फाइल `Manual` वर जतन केलेली असते, ती सकाळी आधी उघडली जाते, आणि नंतर उघडलेलं तुमचं अंदाजपत्रकही निमूट `Manual` वर चालतं. `Automatic` करून टाका आणि पुन्हा एक आकडा बदलून बघा.

तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. आकडा हलतो, पण हवा तेवढा हलत नाही. मोजमापाच्या शीटवर परिमाणासाठी बहुतेक जण असा फॉर्म्युला वापरतात:

```
=PRODUCT(D5:G5)
```

याचं कारण रास्त आहे. काही बाबींना रुंदी नसते, काहींना खोली नसते, आणि `PRODUCT` रिकामे सेल सोडून देतं. पण ते मजकूर असलेले सेलही सोडून देतं. खोलीचा सेल `Text` प्रकारात असेल तर १.०५ टाकलं तरी तो एक्सेलच्या लेखी मजकूरच. मग खोदकामाचं परिमाण १ × ८० × ०.९० एवढंच, म्हणजे ७२.०० येतं. खरं असायला हवं ७५.६०. शिल्लक हलते, कमीही होते, दिसायला सगळं ठीक. पण `Farak` मध्ये २,६७६.२४ ऐवजी १,७८४.१६ दिसतं. कागदावर आधी आकडा काढलेला नसेल तर हा फरक कुणाच्याच लक्षात येणार नाही. पहिल्या दोन प्रकारांत नुसती नजर पुरते, या प्रकारात मात्र आधी केलेला हिशेबच लागतो.

किंमत कशी दिसते याकडेही थोडं लक्ष हवं. खिडकीत सेलची किंमत त्या सेलच्या स्वरूपात दिसते. शिल्लकेच्या सेलला पैसे न दाखवणारं स्वरूप दिलं असेल तर खिडकीतही पैसे दिसत नाहीत. काही जण गोषवारा लाखांत दाखवतात, ७.९१ असा. तिथे दोन-तीनशे रुपयांचा बदल दिसणारच नाही आणि साखळी तुटली आहे असं उगाच वाटेल. `Farak` चा सेल मी नेहमी दोन दशांश स्थळांसह ठेवतो, तो यासाठीच.

दुसऱ्या फाइलमधल्या सेलवरही नजर ठेवता येते, पण ती फाइल उघडी असेपर्यंतच. बाईंची दरसूची वेगळ्या फाइलमध्ये होती. तिच्यातला दगडी बांधकामाचा दर मी खिडकीत घेतला होता. ती फाइल बंद केली तशी ती ओळ खिडकीतून गेली. गोषवाऱ्याचा आकडा त्यामुळे बिघडत नाही, फक्त नजर सुटते. दोन फाइली उघड्या असताना `Book` हा रकाना कामाचा असतो. एकच फाइल असेल तर त्याची कड ओढून तो अरुंद करावा आणि ती जागा `Name` ला द्यावी. `Formula` हा रकाना मात्र कधीच झाकू नये. या प्रकरणात चूक त्याच्याच कोऱ्या जागेत होती.

किती सेल नोंदवावेत, असं बाईंनी विचारलं. माझं उत्तर: खिडकी न सरकवता दिसतील तेवढेच. त्यांचा पहिला विचार आठही बाबींची परिमाणं, दर आणि रकमा नोंदवायचा होता, म्हणजे चोवीस ओळी. तेवढ्या ओळींत डोळा काहीच पकडत नाही. शेवटचे दोन आकडे कायम ठेवावेत, आणि ज्या बाबीवर काम चालू आहे तिचे मोजमापातला आणि गोषवाऱ्यातला असे दोन सांधे. बाब बदलली की जुन्या दोन ओळी निवडून `Delete Watch` करायचं आणि नव्या दोन घ्यायच्या. नोंद पुसली म्हणून सेलला काही होत नाही.

मोजमापात मध्येच ओळ घातली तर नोंद सेलबरोबर सरकते, `H13` चा `H14` होतो, पुन्हा काही करावं लागत नाही. नोंदी फाइलमध्येच जतन होतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फाइल उघडून खिडकी काढली की सगळ्या ओळी तिथे असतात. पुढच्या वर्षी याच फाइलवरून नवं अंदाजपत्रक उचललं जाणार हे बाईंनाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून `Ekun`, `Shillak`, `Farak` आणि दगडी बांधकामाचे दोन सांधे त्यांनी फाइलमध्ये तसेच ठेवले. कार्यालयात द्यायच्या प्रतीतून मात्र `Aadhi` आणि `Farak` हे दोन सेल काढून टाकले, आणि गोषवाऱ्याखाली एक टीप लिहिली: काळ्या मातीमुळे पाया १.०५ मीटर घेतला असून रंगकाम फक्त दर्शनी बाजूस धरले आहे.